डेटाबेस हलवताना दोन दिवस बिलिंग का थांबवायचं, हे दुकानदाराला कसं समजावून सांगावं

दुकानाचा डेटाबेस जुन्या मशीनवरून नव्या सर्व्हरवर न्यायचा असतो तेव्हा तांत्रिक बाजू बहुतेक वेळा निभावते. गाडी अडते ती दुकानदाराशी बोलताना. आपण सांगतो, "मायग्रेशन आहे, शनिवार-रविवार सिस्टिम डाऊन राहील." त्याला ऐकू येतं, "शनिवार-रविवार दुकान बंद." तो म्हणतो, "रात्रीतून उरकून टाका की." आपण भिडेखातर "बघतो" म्हणतो, आणि मग अर्धवट तपासलेल्या डेटाबेसवर सकाळी बिलं सुरू होतात.

हा लेख सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांसाठी आणि सांभाळणाऱ्यांसाठी आहे. सोबत एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. दुकानात बिलिंगचे दोन काउंटर आहेत. आतल्या खोलीतल्या एका मशीनवर मायएसक्यूएलचा डेटाबेस आहे, त्यात सहा वर्षांची बिलं आहेत आणि शेवटचा बिल नंबर 186420 आहे. हे सगळं नव्या सर्व्हरवर जायचं आहे. शुक्रवारी रात्री दुकान बंद झाल्यावर काम सुरू होईल आणि सोमवारी सकाळी नव्या सर्व्हरवरून पहिलं बिल निघेल.

बोलायला जाण्याआधी रंगीत तालीम

दुकानदाराकडे जाताना हातात खरे आकडे हवेत. त्यासाठी एका रात्री बॅकअप घ्यायचा, तो नव्या सर्व्हरवर चढवायचा आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं. याने चालू बिलिंगला काही धक्का लागत नाही, कारण ती प्रत फक्त सरावासाठी असते. आपल्या उदाहरणात समजा असा वेळ लागला: प्रत काढायला 25 मिनिटं, ती नव्या सर्व्हरवर न्यायला 10 मिनिटं, चढवायला आणि इंडेक्स तयार व्हायला 1 तास 40 मिनिटं. म्हणजे एकूण सव्वादोन तास. त्यानंतर आकडे जुळवायला चार तास, आणि दोन्ही काउंटर, प्रिंटर व स्कॅनर नव्या सर्व्हरला जोडून प्रत्येकावर चाचणीचं बिल काढायला तीन तास. सगळं मिळून सव्वानऊ तास.

दुसरा आकडा दुकानाच्या बाजूचा. शनिवार-रविवारी नेमकी किती बिलं होतात आणि कोणत्या तासाला सर्वांत जास्त होतात, हे दुकानदाराला अंदाजाने माहीत असतं. ते त्याच्याच डेटाबेसमधून काढून नेलं की पुढचं बोलणं फार सोपं होतं.

```sql
SELECT DATE(bill_time) AS d, HOUR(bill_time) AS h, COUNT(*) AS n
FROM bills
WHERE bill_time >= CURDATE() - INTERVAL 8 WEEK
  AND DAYOFWEEK(bill_time) IN (1, 7)
GROUP BY d, h
ORDER BY n DESC
LIMIT 10;
```

यात 1 म्हणजे रविवार आणि 7 म्हणजे शनिवार. यातून गर्दीचे तास कळतात. `h` आणि `LIMIT` काढून हीच आज्ञा पुन्हा चालवली की प्रत्येक दिवसाची एकूण बिलं कळतात. समजा उत्तरं अशी आली: शनिवारी साधारण 140 बिलं, रविवारी 90, आणि सर्वांत गर्दीच्या तासाला 25. हे तीन आकडे पुढे उपयोगी पडतील.

बोलणं किमान दोन आठवडे आधी व्हायला हवं. महिनाअखेर, कर भरण्याची मुदत, माल मोजणीचे दिवस आणि हंगामाची गर्दी टाळून दोन तारखा सुचवायच्या आणि त्यातली एक दुकानदाराला निवडू द्यायची. स्वतः निवडलेल्या तारखेला माणूस नंतर सहसा अडून बसत नाही.

पहिलं वाक्य

"दुकान चालू राहील, गल्ला चालू राहील, फक्त दोन दिवस बिलं हाताने लिहायची." हे सगळ्यात आधी सांगायचं. डेटाबेस, सर्व्हर हे शब्द नंतर. दुकानदाराच्या पोटात गोळा येतो तो विक्री बुडेल या भीतीने. ती भीती पहिल्याच वाक्यात गेली नाही, तर पुढचं काहीही त्याच्या कानात शिरत नाही.

मग तो विचारणार, "पण थांबवायचं कशाला? चालू असतानाच करा ना कॉपी." इथे बरेच जण घर बदलण्याची किंवा गाडीचं चाक बदलण्याची उपमा देतात. ती ऐकायला बरी वाटते, पण त्यातून त्याच्या धंद्याचं काय नुकसान होईल हे कळत नाही. त्यापेक्षा कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे "जुनं" आणि उजवीकडे "नवं" लिहा, आणि एका बिलाची गोष्ट सांगा.

"समजा, शनिवारी सकाळी दहाला आपण कॉपी काढायला घेतली. त्या क्षणापर्यंतची सगळी बिलं कॉपीत आली. शेवटचं 186420. सव्वादहाला काउंटरवर एक गिऱ्हाईक आलं आणि त्याचं बिल झालं, 186421. हे बिल कुठे लिहिलं गेलं? जुन्या मशीनवर. कॉपी तर दहाची आहे, त्यात ते नाही." डाव्या रकान्यात 186421 लिहा आणि उजवा रिकामा ठेवा. "आता सोमवारी नव्या सर्व्हरवर पहिलं बिल काढलं. नव्याला शेवटचा नंबर माहीत आहे 186420. तो पुढचा नंबर काय देईल?" इथे थांबा आणि त्यालाच उत्तर देऊ द्या. तो 186421 म्हणतो आणि कागदाकडे बघतो.

एकाच नंबरची दोन बिलं, दोन वेगळ्या गिऱ्हाइकांच्या हातात, वेगळ्या रकमांची. उद्या पहिलं गिऱ्हाईक माल परत करायला आलं आणि नंबर सांगितला, तर पडद्यावर दुसऱ्याचंच बिल उघडणार. हिशेबनीसाकडे गेलेल्या यादीत एक बिल कमी भरणार. शनिवारचा गल्ला आणि शनिवारची विक्री जुळणार नाही. आणि तसं एकच बिल नसेल, दिवसभरातली 140 असतील. एवढं कळलं की "थांबवायचं कशाला" हा प्रश्न पुन्हा येत नाही.

ज्यांना आणखी खोलात जायचं असतं त्यांना त्याच बिलाचा दुसरा भाग दाखवता येतो. एक बिल म्हणजे डेटाबेसमध्ये एकच नोंद नसते. बिलाचं डोकं एका टेबलमध्ये, त्यातल्या वस्तूंच्या ओळी दुसऱ्यात, कमी झालेला साठा तिसऱ्यात, उधारी असेल तर गिऱ्हाइकाचं खातं चौथ्यात. टेबलं एकामागून एक कॉपी होत असताना मध्येच बिल झालं, तर साठ्याचं टेबल बिलाआधीचं आणि ओळींचं टेबल बिलानंतरचं असं होऊ शकतं. मग नव्या सर्व्हरवर विक्री दिसते पण माल कमी झालेला दिसत नाही. इनोडीबी प्रकारच्या टेबलांना `mysqldump --single-transaction` यापासून वाचवतं, कारण ते सगळी टेबलं एकाच क्षणाच्या स्थितीत वाचतं. जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये मायआयसॅम प्रकारची टेबलं अजून सापडतात, आणि त्यांना हे संरक्षण मिळत नाही. अर्ध्या बिलाचा हा घोळ हरवलेल्या बिलापेक्षा वाईट, कारण तो कित्येक आठवडे कुणाच्या लक्षातच येत नाही.

"मोठी दुकानं तर न थांबता करतात"

हा प्रश्न येतो, आणि त्याला "शक्यच नाही" असं उत्तर देऊ नये. ते खरं नाही, आणि त्याचा एखादा जाणकार नातेवाईक ते उघडं पाडेल. खरं उत्तर असं आहे: जुन्या मशीनवर होणारा प्रत्येक बदल लगोलग नव्यावर पोचवत राहायची सोय करता येते. त्याला रेप्लिकेशन म्हणतात. त्यासाठी जुन्या मशीनवर बायनरी लॉग चालू हवा. मायएसक्यूएल 8.0 पासून तो मुळातच चालू असतो, पण त्याआधीच्या आवृत्त्यांवर मुद्दाम चालू करावा लागतो आणि त्यासाठी डेटाबेस बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. दोन्हीकडच्या आवृत्त्या एकमेकींशी जमणाऱ्या हव्यात. मायआयसॅमची टेबलं असतील तर त्यातही कटकटी आहेत. आणि एवढं करूनही शेवटी काउंटर जुन्यावरून नव्यावर वळवताना काही मिनिटं बिलं थांबवावी लागतातच.

दुकानदाराला हे असं सांगता येतं: "होतं शेठ, पण त्यासाठी आधी तुमच्या चालू मशीनमध्येच बदल करावे लागतील, आणि तेही रोजचा धंदा चालू असताना. शेकडो काउंटर असतील तर तो खटाटोप परवडतो. तुमच्याकडे दोन काउंटर आहेत आणि दोन दिवस बिलबुकावर निघू शकतात. थांबून केलं तर मला प्रत्येक आकडा तुमच्यासमोर जुळवून दाखवता येईल." माझं मत इथे स्पष्ट आहे. आठ-दहा काउंटरपर्यंतच्या दुकानात थांबून हलवणंच बरं, कारण तपासणी करताना दोन्ही बाजू स्थिर असतात.

"दोन-अडीच तासांचं काम, मग दोन दिवस कशाला?"

इथे तालमीतले आकडे काढायचे. नुसतं हलवणं सव्वादोन तासांचं आहे हे लपवू नये. उलट तेच आधी सांगावं आणि मग उरलेला वेळ कुठे जातो ते दाखवावं. सव्वानऊ तासांत एक फेरी पूर्ण होते. शुक्रवारी रात्री दहाला सुरुवात केली तर सव्वाबाराला डेटा नव्या सर्व्हरवर चढलेला असतो, आणि तपासणी शनिवारी सकाळी ताज्या डोक्याने होते. रात्री दोन वाजता जुळवलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये, स्वतःच्याही नाही. सगळं सुरळीत झालं तर शनिवारी संध्याकाळपर्यंत काम होतं.

रविवार राखीव असतो. पहिल्या फेरीत आकडे जुळले नाहीत, तर कारण शोधून दुसरी फेरी करायला तो लागतो. काउंटर आणि प्रिंटरची जोडणी दुसऱ्या फेरीत पुन्हा करावी लागत नाही, म्हणून सव्वासहा तास पुरतात. रविवारी सकाळी नऊला सुरुवात केली तर सव्वातीनला निकाल हातात येतो. दुपारी चार ही निर्णयाची वेळ ठरवून टाका आणि दुकानदाराला शब्द द्या: "रविवारी चार वाजेपर्यंत तुमच्यासमोर आकडे जुळले नाहीत, तर आपण जुन्या मशीनवर परत जाऊ. सोमवारी सकाळी दुकान नेहमीसारखं जुन्यावर सुरू होईल."

हा परतीचा रस्ता त्याला नीट समजावा, कारण त्याचा होकार बहुतेक यावरच मिळतो. जुन्या मशीनवरचं काहीही आपण पुसत नाही. शुक्रवारी रात्रीपासून त्यात एकही नोंद झालेली नसते, त्यामुळे परत जाणं म्हणजे त्यावरचं कुलूप काढणं आणि काउंटर पुन्हा तिकडे वळवणं, तासाभराचं काम. दोन दिवसांची हातबिलं जुन्यात चढवली की झालं. पण सोमवारी नव्या सर्व्हरवर खरी बिलं व्हायला लागली की हा रस्ता अरुंद होत जातो. मग परत जायचं तर तोवरची सगळी बिलं जुन्यात पुन्हा भरावी लागतात. म्हणून त्याची संमती सोमवारच्या पहिल्या बिलाआधी घ्यायची.

"शनिवार-रविवारच का, तेव्हाच तर गर्दी!" ही तक्रार रास्त आहे. शनिवार-रविवार निवडण्याचं कारण असं की तेव्हा बँका, पुरवठादार, हिशेबनीस यांच्याकडचे व्यवहार थंडावलेले असतात, त्यामुळे काउंटर सोडून बाकीच्या वाटांनी होणाऱ्या नोंदी जवळपास थांबतात. सोमवारी काही अडलं तर सगळे फोनवर उपलब्ध असतात. पण विक्रीची संख्याच हातबिलांना झेपणारी नसेल, तर आठवड्यातले सर्वांत मंद दोन दिवस घ्यावेत. त्यासाठी हट्ट धरू नये.

दोन दिवसांचं हातबिल

झेपेल की नाही हे गणिताने दाखवा. हाताने एक बिल लिहायला साधारण तीन मिनिटं धरा. गर्दीच्या तासाला 25 बिलं म्हणजे 75 मिनिटांचं काम, आणि तासात मिनिटं साठच. म्हणजे त्या वेळी एक माणूस पुरणार नाही, दोन बिलबुकं आणि दोन लिहिणारे लागतील. एरवी एकावर भागेल. दुकानदाराला ही गोष्ट आधी कळली तर तो त्या वेळेपुरता माणूस उभा करतो. ऐन गर्दीत कळली तर तो फोन करतो आणि म्हणतो, "सिस्टिम चालू करा, लगेच."

दोन बिलबुकं असतील तर दोन वेगळ्या मालिका हव्यात, म्हणजे पहिल्यात अ-1 पासून आणि दुसऱ्यात ब-1 पासून. संगणकाचे पुढचे नंबर हाताने कधीही वापरू नयेत. 186421 हा नंबर सोमवारच्या पहिल्या संगणकीय बिलाचा आहे. कराच्या नियमांत वेगळी मालिका कशी दाखवायची, हे दुकानाच्या हिशेबनीसाला आधीच विचारून घ्या, कारण ते ठिकाणानुसार बदलतं.

शुक्रवारी रात्री शेवटचं बिल झाल्यावर जुन्या मशीनवरून तीन याद्या छापून घ्यायच्या: वस्तूंचे दर, गिऱ्हाइकांची थकबाकी आणि शुक्रवारचा दिवसभराचा विक्री गोषवारा. पहिल्या दोन काउंटरवर लागतील, तिसरी तपासणीसाठी. काही गोष्टी या दोन दिवसांत होणार नाहीत हेही स्पष्ट सांगा. जुनं बिल शोधून माल परत घेणं होणार नाही. गिऱ्हाइकाला चिठ्ठी देऊन सोमवारी बोलवायचं. उधारीची मर्यादा संगणक तपासणार नाही, छापलेल्या यादीत बघून माणसालाच ठरवावं लागेल. आणि साठ्याचे आकडे शुक्रवार रात्रीचे असतील, त्यावरून नवी खरेदी मागवू नये. आलेला माल आणि आलेले पैसे यांच्या पावत्या एका वेगळ्या फाइलमध्ये जमा करायच्या.

थांबवलं म्हणजे खरंच थांबलं का?

मालकाने होकार दिला तरी शनिवारी सकाळी काउंटरवरचा मुलगा सवयीने मशीन चालू करतो आणि बिल काढतो. त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. म्हणून काउंटरवरच्या माणसांशी स्वतः बोला, मालकामार्फत निरोप नको. आणि निरोपाच्या भरवशावरही राहू नका. डेटाबेसलाच कुलूप लावा.

```sql
SET GLOBAL super_read_only = ON;
```

नुसतं `read_only` पुरत नाही, कारण ते मोठे अधिकार असलेल्या वापरकर्त्याला अडवत नाही, आणि कितीतरी बिलिंग सॉफ्टवेअर `root` नावानेच जोडलेली असतात. `super_read_only` मायएसक्यूएल 5.7.8 पासून आहे. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर सॉफ्टवेअर वापरतं त्या नावाचे लिहिण्याचे अधिकार काढून घ्या किंवा त्याचा पासवर्ड बदला.

यात एक बारीक फट आहे. वरची आज्ञा डेटाबेस पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकते. शनिवारी सकाळी कुणी मशीन बंद-चालू केलं, तर कुलूप आपोआप निघतं आणि बिलं गुपचूप जुन्यात जायला लागतात. म्हणून `super_read_only = ON` ही ओळ कॉन्फिगरेशन फाइलमध्येही घाला. परत जायची वेळ आली तर ती तिथूनही काढायला विसरू नका. काउंटरच्या मशीनवर एक चिठ्ठी चिकटवा: "सोमवारपर्यंत बिलबुक वापरा."

काउंटरशिवाय लिहिणारे आणखीही असतात. मालकाच्या मोबाइलवरचं ॲप, ऑनलाइन ऑर्डर आत ओढणारा प्रोग्रॅम, रात्री साठा अद्ययावत करणारं ठरावीक वेळेचं काम. आठवडाभर आधी वेगवेगळ्या वेळी `SHOW PROCESSLIST;` चालवून कोण कोण जोडलेलं दिसतं याची यादी करा. दुकानदारालाही विचारा, "बिलाशिवाय आणखी कुठून नोंदी होतात?" त्याच्या उत्तरात एखादी अशी वाट निघते जी आपल्या कागदपत्रांत नसते.

प्रत काढताना `--routines` आणि `--events` विसरू नका. ट्रिगर मुळातच येतात, पण स्टोअर्ड प्रोसिजर आणि ठरावीक वेळेची कामं सांगितल्याशिवाय येत नाहीत.

```
mysqldump --single-transaction --routines --events \
  --default-character-set=utf8mb4 shopdb > shopdb.sql
```

साठा कमी करणारी प्रोसिजर राहून गेली तर दोनपैकी एक होतं. सॉफ्टवेअर चूक दाखवून थांबतं, किंवा चूक गिळून बिल छापतं आणि साठा आहे तसाच ठेवतं. दुसरा प्रकार कळायचा एकच मार्ग: चाचणीचं बिल काढण्याआधी आणि नंतर त्या वस्तूचा साठा बघणं. खरी बिलं सुरू होण्याआधी ही चाचणीची बिलं काढून टाका आणि पुढचा नंबर 186421 च येतो आहे याची खात्री करा.

दुकानदारासमोर आकडे जुळवणं

आपली तपासणी आधी पूर्ण करा. तीच आज्ञा जुन्यावर आणि नव्यावर चालवून उत्तरं शेजारी ठेवा.

```sql
SELECT DATE_FORMAT(bill_time, '%Y-%m') AS m,
       COUNT(*) AS n, SUM(net_amount) AS total
FROM bills
GROUP BY m ORDER BY m;
```

फरक आला तर त्याचा आकार काय सांगतो ते बघा. सगळ्याची मिळून बेरीज जुळते पण एखाद-दोन बिलं शेजारच्या महिन्यात सरकलेली दिसतात, तेव्हा बहुधा नव्या सर्व्हरचा टाइमझोन वेगळा असतो आणि रात्री उशिराच्या बिलांची तारीख बदललेली असते. हे `TIMESTAMP` प्रकारच्या रकान्यात होतं, `DATETIME` मध्ये होत नाही. बिलांची संख्या जुळते पण रकमेत दशांशाच्या पुढे फरक येतो, तेव्हा रक्कम `FLOAT` मध्ये साठवलेली आहे का ते पाहा. संख्याच कमी आली तर चढवतानाच्या लॉगमध्ये बहुधा एखादी चूक सापडेल. ती सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वस्तूंची आणि गिऱ्हाइकांची नावं डोळ्यांनी बघा. देवनागरी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसत असतील तर मूळ माहिती बहुधा शाबूत असते, फक्त वाचण्याची पद्धत चुकलेली असते. पण ओळीने प्रश्नचिन्हं दिसत असतील आणि तीच साठवली गेली असतील, तर त्या प्रतीतलं मूळ नाव गेलं. ते दुरुस्त करत बसू नका, जुन्यावरून पुन्हा प्रत काढा. रविवार हाताशी आहे तो यासाठीच.

यानंतर दुकानदाराला बोलवा. त्याला वरचे आकडे दाखवून उपयोग नाही, त्याच्या ओळखीच्या गोष्टी दाखवा. शुक्रवारच्या छापील गोषवाऱ्याशेजारी नव्या सर्व्हरवरचा तोच गोषवारा ठेवा. थकबाकीच्या यादीतली पाच नावं त्यालाच निवडू द्या आणि पडद्यावर उघडा. तो नेमकी वादाची खाती निवडेल, आणि ते चांगलंच आहे. एखादं वर्षभरापूर्वीचं बिल त्याच्या फाइलमधून काढायला सांगा आणि ओळ न ओळ पडद्याशी ताडून पाहू द्या. मग विचारा, "सोमवारी यावर सुरू करू?" तो हो म्हणाला की त्या छापील गोषवाऱ्यावर त्याची सही आणि वेळ घ्या. पुढे कधी वाद निघाला, तर कुठल्या क्षणाचे आकडे जुळले होते याचा तो पुरावा असतो, त्याच्यासाठीही आणि तुमच्यासाठीही.

सोमवार

हातबिलं चढवणं हे तुमच्या माणसांचं काम ठरवा, काउंटरवाल्याचं नाही. तो चालू गिऱ्हाईक सांभाळेल. 230 बिलं, प्रत्येकी दोन मिनिटं धरली तर 460 मिनिटं, म्हणजे साडेसात तासांहून थोडं जास्त. दोन माणसं बसली तर चार तासांत होतं. हा आकडा पहिल्याच भेटीत दुकानदाराला सांगितलेला असावा, म्हणजे सोमवारी दुपारपर्यंत साठा चुकीचा दिसणार आहे हे त्याला माहीत असतं.

आधी उधारीची बिलं आणि आलेल्या पैशांच्या पावत्या चढवा, कारण तेच गिऱ्हाईक सोमवारी सकाळी पुन्हा उधारी मागायला येऊ शकतं. रोखीची बिलं नंतर. प्रत्येक बिलाला त्याची खरी तारीख द्या, शनिवारचं शनिवारी आणि रविवारचं रविवारी. सॉफ्टवेअर मागची तारीख स्वीकारतं का हे तालमीतच पाहून ठेवायचं असतं, नाहीतर तिन्ही दिवसांची विक्री सोमवारच्या नावावर पडते. बिलबुकातला नंबर शेऱ्याच्या रकान्यात लिहा. चढवलेल्या पानावर लाल खूण करा. शेवटी प्रत्येक दिवसाची बिलबुकातली बेरीज, पडद्यावरची बेरीज आणि त्या दिवसाचा गल्ला एकाच कागदावर लिहून दुकानदाराला द्या. फरक निघाला तर बहुधा एखादं पान दोनदा चढलेलं किंवा दोन पानं चिकटून राहिलेली असतात. शेऱ्यातले नंबर क्रमाने लावले की ते पाच मिनिटांत सापडतं.

जुनं मशीन लगेच हलवू नका. कुलूप तसंच ठेवून ते बाजूला राहू द्या. नव्या सर्व्हरवरच्या आकड्यांवरून एक महिनाअखेर आणि एक कर भरणा पार पडेपर्यंत कुठल्या तरी जुन्या खात्याची शंका निघते, आणि तेव्हा ताडून पाहायला ते मशीन लागतं.